‘राखायचं’ नावाचा रकाना

मुलाखतीचं पत्र आम्हा दोघींना एकाच आठवड्यात आलं. तिचं दोन दिवस आधी आलं, आणि ते दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं. खरं म्हणजे पोटात दुखत होतं.

भूकंपाला तेव्हा चार वर्षं होत आली होती. लातुरात एका बाजूला पत्र्याच्या शेडमधली माणसं नव्या गावठाणात राहायला जात होती आणि दुसऱ्या बाजूला गल्लीगल्लीत क्लासचे नवे बोर्ड लागत होते. कुठल्याही जिल्ह्यातून पोरं यायची, सायकली घ्यायची, मेस लावायची. मी हदगावकडची, कापसाच्या शेतातून आलेली. बी. ए. झाल्यावर लातुरात एका क्लासमध्ये दहावीला इंग्रजी शिकवायला लागले आणि उरलेल्या वेळात आयोगाच्या परीक्षेचा अभ्यास करायचे. ती त्याच क्लासमध्ये गणित शिकवायची. औसा तालुक्यातल्या एका गावची. त्या गावाचं नाव भूकंपानंतर सगळ्यांना माहीत झालं होतं. आम्ही एकाच खोलीत राहायचो, एकाच डब्यात जेवायचो आणि दोघी एकदमच मुख्य परीक्षा पास झालो. महिलांच्या जागा मोजक्या होत्या. हे आम्ही कधी मोठ्यानं बोललो नाही, पण तिला मिळाली तर माझी एक कमी होणार, हा हिशोब मी पत्र यायच्या आधीच मनात करून ठेवला होता.

पत्र आणि मुलाखत यांत सहा आठवडे होते. एकमेकींची मुलाखत घ्यायची पद्धत मी बसवली. हे मी अजूनही छाती पुढं काढून सांगते, कारण पद्धत चांगली होती. चूक पद्धतीत नव्हती.

क्लासची सकाळची बॅच एक वाजता सुटायची आणि दुपारची तीनला भरायची. मधल्या वेळात वर्ग रिकामा. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सव्वाला सुरू. पंचवीस मिनिटं तिची मुलाखत, पाच मिनिटं गप्प बसून लिहायचं, दहा मिनिटं बोलायचं. मग जागा बदलायच्या आणि माझी. ऐंशी मिनिटांत दोघींचं होऊन जायचं आणि तीनच्या बॅचआधी फळा पुसायलाही वेळ उरायचा. मुलाखत दारापासून सुरू व्हायची. दार वाजवायचं, ‘आत येऊ का सर’ विचारायचं, बसा म्हटल्याशिवाय बसायचं नाही. पहिली पाच मिनिटं अर्जात लिहिलेलं: गाव, शिक्षण, छंद. मग दहा मिनिटं जिल्हा आणि चालू घडामोडी. मग ‘तुम्ही तहसीलदार आहात आणि अमुक झालं, काय कराल?’ शेवटी पाच मिनिटं मुद्दाम अडवायचं, उलट बोलायचं, बघायचं चिडते का. कुठलंही उत्तर दीड मिनिटाच्या वर जाऊ द्यायचं नाही. येत नसेल तर फिरवाफिरव न करता ‘माहीत नाही सर’ म्हणून मोकळं व्हायचं.

दोघींत एक अडचण होती. जी प्रश्न विचारते तिचं लक्ष पुढच्या प्रश्नावर असतं, समोरचीच्या हाताकडं तिचं लक्ष राहत नाही. म्हणून आम्ही क्लासमध्ये झाडलोट करणाऱ्या मावशींना तिसरी मेंबर केलं. मधली खुर्ची त्यांची. झाडणी भिंतीला टेकवून त्या पदर सावरून बसायच्या आणि घड्याळ हातात धरायच्या. दीड मिनिट झालं की बाकावर टिचकी मारायची, एवढंच काम. बाकी बोलायचं नाही असं मी त्यांना बजावलं होतं. ‘म्या अध्यक्ष हाय आन् बोलायचं न्हाई?’ असं म्हणून त्या हसायच्या.

अभिप्रायाचा कागद मी फूटपट्टीनं आखला. प्रश्न, किती सेकंद, मजकूर पाचपैकी किती, नजर आणि हात, आणि एक मोठा रकाना बोलीच्या शब्दांचा. हा शेवटचा आम्हा दोघींच्या भीतीतून आला होता. तिच्या तोंडी लई, हाय, तवा. माझ्या तोंडी हाव आणि करून राहिले. मुंबईत बोर्डासमोर असं काही निघालं की गेलंच, अशी आमची पक्की समजूत. शिकवणाऱ्या बाया होतो ना, शुद्धलेखनाच्या चुका मोजायची सवय. प्रत्येक ‘लई’ला एक उभी रेघ. पाचवी रेघ आडवी.

कागद बघून ती म्हणाली, ‘यात चुकाच लिहायच्यात व्हय? चांगलं काय ते बी लिव्ह. न्हाईतर चुका काढता काढता ते बी झडून जाईल.’ आणि तिनं स्वतःच्या हातानं शेवटी एक रकाना आखला. वर लिहिलं, ‘राखायचं’.

एक नियम तिचा, एक माझा. तिचा नियम, दुसरीचा कागद बघायच्या आधी स्वतःला स्वतः गुण द्यायचे. माझा नियम, कागद वाचून दाखवताना वाद घालायचा नाही, नुसतं ऐकायचं. शिवाय कच्च्या बाजूंची एक वही. प्रत्येक कच्च्या बाजूला एक पान. जेव्हा जेव्हा ती चूक होईल तेव्हा तारीख आणि लाल ठिपका. ओळीनं तीन मुलाखती ठिपका आला नाही तर ते पान तिरप्या रेघेनं काटायचं. एका आठवड्यात दोनच बाजूंवर काम करायचं, कारण सगळं एकदम सुधारायला गेलं की माणूस बसल्या जागी ताठतो. माझी पहिली दोन पानं: ‘घाई’ आणि ‘अंदाजाने आकडे’. तिची: ‘हात’ आणि ‘बोली’.

पहिल्या आठवड्यातच तो प्रश्न आला. मीच विचारला. तहसीलदार का व्हायचंय? मी स्वतः त्याचं उत्तर पाठ करून आले होते, त्यात समाज, सेवा, संधी सगळं होतं.

 ती म्हणाली, भूकंप झाला तवा मी गणपतीला गावाकडं गेले होते. तिसऱ्या दिवशी साहेब लोक आले, कुणाच्या घरात किती माणसं होती, किती राहिली, याची यादी करायला. आमच्या गल्लीत लिहिणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून वही माझ्याकडं आली. मी घरोघर गेले. घरं नव्हती, पण माणसं आपापल्या घराच्या जागेवरच बसली होती. एका बाईला विचारलं, घरात किती माणसं होती? ती म्हणाली, पाच. मी म्हटलं, नावं सांगा. तिनं चार नावं सांगितली आणि पाचवा म्हणाली, आमचा बैल. देवणी जातीचा होता. मी लिहून घेतलं. साहेबांनी वाचलं आणि रेघ मारली, इथं माणसंच लिहायची म्हणाले. तर ती बाई साहेबाशी भांडाया उठली. तीन दिवसांत तिच्या तोंडातून पहिल्यांदा एवढा आवाज निघाला. साहेब चांगले होते, त्यांनी दुसऱ्या पानावर जनावरं म्हणून वेगळी यादी सुरू केली. पुढं तिला बैल मिळाला. तवा मला वाटलं, यादी करणाऱ्याच्या हातात लई असतंय. ते आपल्या हातात असावं.

टिचकी वाजलीच नाही. मावशींनी घड्याळ मांडीवर ठेवलं होतं आणि त्या खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. माझ्या घड्याळात दोन मिनिटं दहा सेकंद झाले होते.

मला काय वाटलं ते स्पष्टच सांगते. वाईट नंतर वाटलं. आधी वाटलं, हे माझ्याकडं का नाही. त्या पहाटे आमच्याकडं हदगावला मांडणीवरची भांडी वाजली होती. आम्ही अंगणात आलो, बोललो, परत जाऊन झोपलो. एवढाच माझा भूकंप. तिची धाकटी बहीण त्यात गेली होती, हे मला माहीत होतं. ते ती उत्तरात कधी आणायची नाही. आणि मी, तिच्या ताटात जेवणारी, तिच्या भूकंपाचा हेवा करत होते. मराठवाड्यातली मुलगी समोर बसली की बोर्ड भूकंपावर येणारच. आला की ही असं बोलणार. त्यानंतर माझ्याकडं कोण बघणार?

पाच मिनिटं लिहायची होती. मी लिहिलं: वेळ चाळीस सेकंद जास्त. बोलीचे शब्द चार. नजर खाली दोनदा. हात मांडीवरून उचलला. यातलं एकही खोटं नव्हतं. ‘राखायचं’ या रकान्यावर पेन थांबलं. तिथं लिहायचं तर ‘हे सगळंच’ असं लिहावं लागलं असतं. मी रेघ मारली आणि कागद वाचून दाखवला. नियमाप्रमाणे तिनं वाद घातला नाही. आपल्या कागदावर तिनं या उत्तराला स्वतःहून पाचपैकी चार दिले होते. ते तिनं खोडले आणि दोन केले.

मावशी झाडणी उचलताना माझ्याजवळ आल्या. ‘बाई, त्या पोरीला हाय तसंच बोलू द्या की. माज्या अंगावर काटा आला.’

मी म्हटलं, ‘मावशी, बोर्डापुढं काटा चालत नाही. तिथं मार्क असतात.’

ऐटीत म्हटलं मी हे. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढच्या शनिवारी मी नवे कागद आखून आणले. त्यात ‘राखायचं’ नव्हतं. जागा पुरत नाही, सेकंदांचा रकाना मोठा हवा, असं मी कारण सांगितलं. खरं कारण असं की ती माझ्या कागदावर तो रकाना गच्च भरायची. ‘आवाज छान, कोपऱ्यातल्या माणसाला बी ऐकू जाईल.’ ‘माहीत नाही म्हणताना हसलीस, ते हसू राखायचं.’ मला ते वाचायला फार आवडायचं. तिच्यासाठी लिहायचं मात्र जिवावर यायचं. ती म्हणाली, ‘बरं, तुला ठीक वाटलं तर तसं.’ एवढंच. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तिच्यासारखी कष्टाळू पोरगी मी दुसरी पाहिली नाही. वहीत जे पान उघडायचं त्याच्या ती मागंच लागायची. भाजी आणताना, पोळ्या लाटताना ते उत्तर घोळवायची. प्रत्येक खेपेला काहीतरी गळायचं. आधी ती भांडणारी बाई गेली. मग दुसऱ्या पानावरची यादी गेली. बैलाचा ‘पशुधन’ झाला. चौथ्या आठवड्यात उत्तर असं झालं: ‘भूकंपानंतरच्या काळात प्रशासनाचं महत्त्व मी जवळून अनुभवलं. आपत्तीत अचूक माहिती संकलन हा मदतकार्याचा पाया असतो.’ सव्वा मिनिट. रेघ एकही नाही. मावशींना टिचकी वाजवायची वेळच आली नाही. त्या जांभई देत होत्या.

ओळीनं तीन मुलाखती ठिपका न आल्यावर तिनं ‘बोली’चं पान तिरप्या रेघेनं काटलं, आणि आनंदानं माझ्या गळ्यात पडली. ‘तुझ्यामुळं गं!’ मीही तिच्या पाठीवर थोपटलं. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटत होतं. आता आम्ही दोघी सारख्या झालो होतो.

माझ्या वहीतलं ‘करून राहिले’ मात्र काटलं जात नव्हतं. घाई गेली, आकडे गेले, पण घाबरले की तेच तोंडात यायचं. ती मला सांभाळून घ्यायची. ‘राहू दे, दिवसातून एकदाच येतंय.’

मुंबईला आम्ही एकत्रच गेलो. माझ्या लांबच्या मावसबहिणीकडं उतरलो. तिची मुलाखत आधी, माझी दुसऱ्या दिवशी. ती बाहेर आली ती फुललेल्या चेहऱ्यानं. रस्त्यावरच तिनं मला सगळे प्रश्न सांगितले, उद्या मला उपयोगी पडतील म्हणून. अगदी क्रमानं. मग म्हणाली, ‘भूकंपाचा आला गं! बरोब्बर सव्वा मिनिट. एक बी लई न्हाई. मधल्या सरांनी विचारलं, तुम्ही स्वतः होतात का तिथे? मी म्हटलं, हो सर, मी माहिती संकलनात सहभाग घेतला होता. मग त्यांनी पुढचा प्रश्न घेतला.’

पुढचा प्रश्न घेतला. या तीन शब्दांत काय झालं ते मला कळलं, तिला नाही. माणसानं ऐकायला पुढं वाकावं आणि त्याच्या हातात अहवाल पडावा, तसं झालं होतं. मी म्हटलं, ‘छान झालं की.’

दुसऱ्या दिवशी मी आत गेले. भूकंपाचं मला कुणी विचारलंच नाही. अर्जावर गाव वाचून कडेच्या सरांनी कापसाचं विचारलं. आमच्याकडं लोक कापूस सोडून सोयाबीनकडं का वळताहेत? मी पाठ केलेलं सुरू केलं, मग वडलांचं आठवलं आणि घाबरून म्हणून गेले, ‘सर, आमचे वडील दोन्ही करून राहिले.’ जीभ चावली. कानापर्यंत लाल झाले. सर हसले. ‘नांदेडच्या वरच्या अंगाला ना तुम्ही? बोला, बोला. वडील काय करून राहिले ते सांगा.’ आणि मी सांगितलं. फवारणी, वेचणीच्या बायांचा तुटवडा, सोयाबीन तीन महिन्यांत मोकळं होतं ते. किती मिनिटं बोलले मला ठाऊक नाही. कुणी थांबवलं नाही. तिघेही ऐकत होते.

बाहेर आले तर ती पायऱ्यांवर थांबली होती. ‘कसं झालं?’ मी म्हटलं, ‘करून राहिले निघालं गं तोंडातून.’ तिनं माझा हात धरला. ‘असू दे. एकच निघालं ना? एकानं काय होत न्हाई.’ माझी समजूत घालत होती. आणि मला त्या क्षणी पक्कं कळलं होतं की सहा आठवडे आम्ही ज्याच्यावर रेघा मारल्या ती चूकच नव्हती. दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. पहिल्याच आठवड्यात तिनं ते उत्तर दिलं तेव्हाच मला ते ठाऊक होतं.

निकाल लागला. मी नायब तहसीलदार झाले, यादीत अगदी तळाला. ती थोडक्यात हुकली. मग गुणपत्रिका आल्या. लेखीत ती माझ्या पुढं होती. मुलाखतीत पार मागं.

ती पेढे घेऊन आली, माझ्यासाठी. क्लासच्या त्याच वर्गात, दुपारी, मावशींना आधी पेढा दिला. मग तिनं कच्च्या बाजूंची वही बाकावर उघडली. एकेक पान उलटून दाखवलं. सगळी काटलेली. ‘हे बघ, हात झाला. बोली झाली. नजर झाली. मग कशात गेलं गं? तू रोज समोर बसायचीस. तूच सांग, काय राहिलं. पुढच्या वर्षी त्याच्यावर काम करते.’

तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. खरोखर विचारत होती. मला एक वाक्य बोलायचं होतं: तुझं पहिलं उत्तर सगळ्यात चांगलं होतं आणि ते मी घालवलं. मावशी पेढा हातात धरून माझ्याकडं बघत होत्या. माझी नेमणूक झाली होती, आता खरं बोलून माझं काहीच जाणार नव्हतं. पण लेखीतले ते गुण दिसत होते. ही मनातलं बोलली असती तर वरच्या पदावर गेली असती, आणि जन्मभर मला हिला मॅडम म्हणावं लागलं असतं.

मी म्हटलं, ‘आत्मविश्वास. तो थोडा कमी पडतो तुझा.’

 तिनं मान हलवली, वहीचं कोरं पान काढलं, वर ‘आत्मविश्वास’ लिहिलं आणि पहिला लाल ठिपका दिला. मावशी पेढा तसाच पदरात बांधून उठल्या आणि झाडायला लागल्या. त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

पुढच्या वर्षी ती लेखीही पास झाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तिनं फॉर्म भरला नाही. शाळेत लागली, आणि आपल्या गावाजवळच राहिली.

मी तालुके फिरत राहिले, बढत्या मिळाल्या. निवृत्तीला काही वर्षं उरली असताना तिनं मला तिच्या शाळेत बोलावलं. शाळेतून शिकून गेलेल्या काही मुली स्पर्धा परीक्षा देत होत्या, त्यांना चार शब्द सांगायला. वर्ग भरून पोरी बसल्या होत्या, आणि ती बोलायला उभी राहिली तसा सगळा वर्ग तिच्याकडं वळला. लई, हाय, तवा, सगळं बिनधास्त. पोरी हसत होत्या, पुढं सरकत होत्या. त्या वयातही मला तिचा हेवा वाटला. माझ्यापुढं आयुष्यात कुणी असं ऐकत बसलं नव्हतं.

मग ती म्हणाली, ‘पोरींनो, म्या बी एकदा मुलाखतीपर्यंत गेलते. पन माझ्यात आत्मविश्वासच नव्हता. माझ्या आधी ते मॅडमनी ओळखलं होतं. अशी मैत्रीण मिळाया लई नशीब लागतं.’

पोरींनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्याकडं आदरानं पाहिलं. मी मान लववून हात जोडले.